बँक रिको ५४० रुपयांवर अडकलंय, मदत हवी आहे

टॅलीत सप्टेंबरअखेर बँक बॅलन्स ४,१२,३०० आणि स्टेटमेंटला ४,३८,१७०. दिलेले पण क्लिअर न झालेले दोन चेक मिळून २७,००० चे, बँक चार्जेस जीएसटीसकट ५९० एंट्री करायचे राहिलेत, हे धरूनही स्टेटमेंट ५४० नी कमीच येतंय. ऑगस्टचं रिको जुळलेलं होतं. ५४० ची एंट्री शोधली, डेबिटचं क्रेडिट झालं असेल म्हणून २७० पण शोधली, डबल व्हाउचरही नाही. ९ ने भाग जातो म्हणजे आकडे उलटे पडले असणार, ८,८२० चं ८,२८० वगैरे, पण पेमेंट-रिसिट मिळून तीनेकशे व्हाउचर आहेत आणि स्टेटमेंट स्कॅन केलेलं पीडीएफ, त्यामुळे इम्पोर्ट होत नाही. एकेक टिक न करता नेमकी चुकीची एंट्री कशी गाठायची?