मदत हवी आहे: भंडारदरा, जुलै की सप्टेंबर?

आई-बाबांना घेऊन पुण्याहून भंडारदऱ्याला जायचंय, दोन रात्री. आईचा गुडघा दुखतो त्यामुळे ट्रेक नाही, गाडीतून दिसतील ते धबधबे आणि रंधा, अंब्रेला फॉल एवढंच. रस्ते-बिस्ते बंद नकोत आणि ती शनिवार-रविवारची जत्रा तर अजिबातच नको. कुठला महिना धरू?

मी_भटका: डोळे झाकून जुलै. सगळीकडे पाणीच पाणी, सप्टेंबरात काय बघणार?

शेंडीकर: भटका भाऊ, पाणी असतं हो पण दिसत नाही. जुलैत घाटघरच्या कोकणकड्यावर उभं राहिलात तर समोर नुसतं पांढरं धुकं, आणि रेड अलर्ट लागला की धबधब्यांजवळ सोडतच नाहीत. दुसरं म्हणजे अंब्रेला फॉल पावसावर चालत नाही, धरणातून पाणी सोडलं तरच तो पडतो. रंध्याचंही बरंचसं तसंच. धरण ११ टीएमसीचं, साधारण १५ ऑगस्टच्या आसपास भरतं, मग वरून येईल तेवढं पाणी खाली निळवंडे धरणाकडे सोडत राहतात. म्हणून ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा, तोही मंगळवार-बुधवार. १५ ऑगस्टची सुट्टी मात्र टाळा, धरणाजवळच्या शेंडी गावातच गाड्या अडकतात.

पावसाळी_काकू: आम्ही देवकुंडला गेलो होतो, बंदी होती, अर्ध्या वाटेतून परत पाठवलं. तिकडे जाऊ नका.

धागाकर्ता: काकू, देवकुंड नाही हो, भंडारदरा 🙂 शेंडीकर दादा, पण तेव्हा रतनवाडीच्या रस्त्यावरचे छोटे धबधबे आटलेले नसतात ना?

शेंडीकर: ते खरंच पावसाचे. कड्यावरून येणारं पाणी आहे, दोन-तीन दिवस उघडीप पडली की बारीक होतं. म्हणून बुकिंग आधी करून ठेवू नका. आदल्या आठवड्यात दोनच गोष्टी बघा, भंडारदऱ्यातून विसर्ग चालू आहे का, बातम्यांत येतं ते, आणि घाटमाथ्याला यलो अलर्टपर्यंतच पाऊस आहे का. विसर्ग चालू आणि हलका पाऊस असेल तर निघा. विसर्ग बंद असेल तर अंब्रेलाच्या समोरच्या पुलावर जाऊन कोरडा दगड बघावा लागेल. आईंसाठी तो पूल बरा, गाडी जवळ जाते.

मी_भटका: मग सांदण दरी पण सप्टेंबरात होईल?

शेंडीकर: नाही, तिथे तेव्हाही पाणी असतं. साम्रद गावाकडून दरीच्या तोंडापासूनच बघा आणि मागे फिरा.

नाशिकची_पोर: गणपतीच्या दिवसांत जा, सगळे घरी नाहीतर कोकणात, तेव्हा बरीच शांतता असते.

शेंडीकर: पहिले दोन-तीन दिवस असेल, पण विसर्जनाला जोडून वीकेंड आला तर मी नाही सांगणार शांत असेल म्हणून.

धागाकर्ता: बाबा म्हणतायत गणपती सोडून कुठेही जायचं नाही. म्हणजे ऑगस्टचा शेवट. विसर्गाची बातमी आली की सुट्टी टाकतो.