मदत हवी आहे - पोर्टल बंद पडलं आणि नोटीसच्या उत्तराची मुदत हुकली

काल रात्री बारापर्यंत टॅक्स नोटीसला उत्तर अपलोड करायचं होतं, नऊला लॉगिन केलं तर अटॅचमेंट टाकली की चक्र फिरत राहायचं आणि मग 503 Service Unavailable, दुसरा ब्राउझर, मोबाईलचं नेट, सगळं करून पाहिलं. पहिले दोन स्क्रीनशॉट मी घाईत फक्त एररचेच कापून घेतले, त्यात वेळच नाही, नंतरचे पाच मात्र पूर्ण स्क्रीनचे आहेत, पत्ता, तारीख, घड्याळ सगळं दिसतंय. 11:20 ला हेल्पडेस्कवर तक्रार टाकली, तिकीट नंबर आला आणि 11:40 ला तयार उत्तराची पीडीएफ नोटीसवरच्या अधिकाऱ्यांना ईमेल केली, म्हणजे उत्तर तयार होतं हे तरी दिसेल. आज पोर्टल चालू आहे पण सबमिटचं बटणच गेलंय.

आता मुदतवाढीचा अर्ज लिहितेय, ऑर्डर निघायच्या आत आजच पोचवायचाय. मुदत संपल्यावर नुसती वाढ मागायची की उशीर माफ करा असंही स्पष्ट लिहायचं? वेळ नसलेले स्क्रीनशॉट जोडू का? आणि काल नऊ ते बारा कुणाला हीच एरर आली असेल तर वेळ दिसणारा स्क्रीनशॉट प्लीज पाठवा, नाहीतर माझंच नेट बंद होतं म्हणतील.