वादपत्र फेटाळण्याचा अर्ज नामंजूर झाला: अपील, रिव्ह्यू की रिव्हिजन?

वारणाकाठ
सांगली जिल्ह्यातल्या तालुका कोर्टात आमच्यावर दावा आहे. वडिलांनी २०११ मध्ये नोंदणीकृत खरेदीखताने ६० गुंठे जमीन घेतली. ज्यांनी विकली त्यांनीच २०२४ मध्ये खरेदीखत रद्द करून मागितलं. वादपत्रात लिहिलंय, "फसवणूक २०२२ मध्ये समजली". पण त्यांनी स्वतः जोडलेल्या कागदांच्या यादीत अनुक्रमांक ७ ला त्यांचीच २०१६ ची तक्रार आहे. आमचा फेरफार तेव्हा धरला जात होता, त्यावर मंडल अधिकाऱ्यांकडे दिलेली. त्यात स्पष्ट आहे की खरेदीखत फसवून करून घेतलं. म्हणून आम्ही ऑर्डर ७ रूल ११ चा अर्ज दिला. ४ ऑगस्ट २०२५ ला तो नामंजूर झाला. "मुदतीचा मुद्दा पुराव्याशिवाय ठरवता येणार नाही" एवढंच कारण, यादीतल्या ७ नंबरच्या कागदाचा उल्लेखच नाही. नकलेचा अर्ज ६ ऑगस्टला, नक्कल तयार २२ ला. आज ९ सप्टेंबर. आमचे वकील रिव्ह्यू म्हणतात, मित्र जिल्हा कोर्टात अपील म्हणतो. काय करावं?

निशाणी पाच
अपीलच करा दादा. आमच्या दाव्यात निशाणी ५ चा मनाई अर्ज फेटाळला तेव्हा आम्ही ३० दिवसांच्या आत जिल्हा न्यायालयात किरकोळ दिवाणी अपील केलं आणि तिथे मनाई मिळाली. खालच्या कोर्टाचा आदेश चुकला की वर जायचं, त्यात एवढा विचार कशाला?

जुनी सनद
निशाणी पाच, तुमचं अपील बरोबर होतं, कारण मनाईचा आदेश ऑर्डर ४३ च्या यादीत आहे. त्या यादीत नाव नसलेल्या आदेशावर अपील होत नाही, मग तो कितीही चुकीचा असो. रूल ११ चा अर्ज नामंजूर झाल्याचा आदेश त्या यादीत नाही.

इथे एक गोष्ट नीट पाहा. हाच अर्ज मंजूर झाला असता तर वादपत्र फेटाळलं गेलं असतं, कायद्याने तो हुकूमनामा धरला असता आणि समोरच्याला कलम ९६ खाली पहिलं अपील मिळालं असतं. नामंजूर झाला म्हणून तुम्हाला अपील नाही, पण कलम ११५ खाली रिव्हिजन आहे. दुरुस्तीनंतर, म्हणजे १ जुलै २००२ पासून, रिव्हिजनचा दरवाजा अरुंद झाला. कसोटी एकच: हाच आदेश तुमच्या बाजूने झाला असता तर दावा तिथेच संपला असता का? तुमच्या बाबतीत संपला असता. कैफियतीत दुरुस्ती नाकारली असती तर उत्तर "नाही" आलं असतं, आणि मग अनुच्छेद २२७ खालची याचिका एवढाच रस्ता उरला असता.

आता दिवस मोजा. रिव्हिजनला ९० दिवस, म्हणजे २ नोव्हेंबर. नकलेचे ६ ते २२ ऑगस्ट असे १७ दिवस वगळले की १९ नोव्हेंबर. रिव्ह्यूला ३० दिवस, तेच १७ धरून २० सप्टेंबर. आणि रिव्ह्यू नामंजूर झाला तर रिव्हिजनची मुदत नव्याने सुरू होत नाही, मूळ ४ ऑगस्टपासूनच धावते. हे ध्यानात न घेता रिव्ह्यूच्या तारखा घेत बसलेले लोक मी पाहिलेत. नंतर माफीचा अर्ज लिहायची वेळ येते आणि त्या महिन्यांचा हिशेब उच्च न्यायालयात द्यावा लागतो.

सातबारा उतारा
रिव्हिजन म्हणजे पुनरीक्षण ना? मग उच्च न्यायालय कशाला? आमच्या फेरफारात प्रांतसाहेबांकडे अपील झालं आणि नंतर पुनरीक्षण अपर आयुक्तांकडे गेलं. २०१६ च्या तक्रारीवर मंडल अधिकाऱ्यांनी काय निकाल दिला ते आधी सांगा. तोच आदेश उलटवला तर सगळं सुटेल.

जुनी सनद
ते महसूल संहितेचं पुनरीक्षण, कलम २५७ चं. शब्द एकच असला तरी ती वेगळी दुनिया आहे. फेरफारावरून मालकी ठरत नाही, त्यामुळे तो निकाल कोणत्याही बाजूने लागला तरी हा दावा सुटत नाही. इथे त्या तक्रारीचा उपयोग एवढाच की वादीला २०१६ मध्ये काय माहीत होतं ते त्याच्याच लेखणीतून दिसतं. दस्त रद्द करायला अनुच्छेद ५९ प्रमाणे ती माहिती झाल्यापासून ३ वर्षं. म्हणजे २०१९ ला मुदत संपली.

ट्रायल साइड
मी तालुका आणि जिल्हा कोर्टात २२ वर्षं दिवाणीच करते. सनदसाहेबांनी रस्ता बरोबर सांगितला, पण त्या रस्त्याने जावं का याबद्दल माझं मत वेगळं आहे.

रूल ११ मध्ये कोर्ट फक्त वादपत्र आणि त्यासोबतचे कागद वाचतं. तुमची कैफियत, तुमचे पुरावे, काहीही नाही. वादपत्रात २०२२ लिहिलंय, कागदात २०१६ दिसतंय. वादी उद्या म्हणेल, तक्रार दुसऱ्याने लिहिली, मी अंगठा दिला, मजकूर मला वाचून दाखवला नाही. ही साक्षीची गोष्ट झाली. शिवाय रिव्हिजनमध्ये निकाल चुकला एवढ्याने भागत नाही, अधिकारितेची चूक दाखवावी लागते. आणि उच्च न्यायालयाने "यात पुरावा लागेल" असं एक वाक्य लिहून फेटाळलं तर ते वाक्य खाली पूर्ण खटलाभर तुमच्यासमोर वाचलं जातं.

त्यापेक्षा मुदतीचा स्वतंत्र मुद्दा काढून घ्या, वादीला उलटतपासात तो ७ नंबरचा कागद दाखवा, सही ओळखायला लावा. निकाल विरुद्ध गेला तर अपिलात कलम १०५ खाली या आदेशाचीही चूक दाखवता येते. हक्क मरत नाही.

जुनी सनद
ताई, अधिकारितेबद्दल थोडं थांबा. पांडुरंग धोंडी चौगुले विरुद्ध मारुती हरी जाधव, एआयआर १९६६ सर्वोच्च न्यायालय १५३. मुदत आणि पूर्वनिर्णय या हरकती कोर्टाच्या अधिकारितेशी जोडलेल्या आहेत आणि त्यांवरचा चुकीचा निर्णय कलम ११५ मध्ये तपासता येतो, असं त्यात आहे. इथे तर कोर्टाने कागद वाचलाच नाही. दहिबेन विरुद्ध अरविंदभाई प्रकरणात २०२० मध्ये २००९ च्या खरेदीखतावरचा २०१४ चा दावा याच टप्प्यावर मुदतीबाहेर म्हणून संपवला गेला. चतुराईने लिहिलेल्या तारखेमागे जाऊन पाहायला न्यायालयाला मोकळीक आहे.

तुम्ही म्हणता तसं उलटतपासापर्यंत जायचं तर चार-पाच वर्षं सहज. तोवर जमिनीवर दावा चालू असल्याची सावली. कर्ज नाही, विक्री नाही. हे नुकसान कलम १०५ भरून देत नाही.

ट्रायल साइड
चौगुलेंचा निकाल मान्य. पण एक विचारते. वारणाकाठ, वादपत्राच्या शेवटी काय काय मागणी केली आहे? खरेदीखत रद्द, एवढंच? मागणीचं कलम जसंच्या तसं लिहा.

वारणाकाठ
तीन मागण्या आहेत. एक, खरेदीखत रद्द करावं. दोन, ताबा परत मिळावा. तीन, "वादीच्या लगतच्या गटातून प्रतिवादींनी पाइपलाइन नेऊ नये अशी कायम मनाई". पाइपलाइन २०२३ मध्ये टाकली.

ट्रायल साइड
हेच मला पाहायचं होतं. वादपत्र तुकड्याने फेटाळता येत नाही. एक मागणी जरी मुदतीत आणि स्वतंत्र असेल तरी अख्खं वादपत्र उभं राहतं. लगतचा गट त्यांचाच आहे, पाइपलाइन २०२३ ची आहे, म्हणजे तिसऱ्या मागणीला २०११ च्या खरेदीखताची गरज नाही. मग सनदसाहेबांचीच कसोटी लावा: आदेश तुमच्या बाजूने झाला असता तर दावा संपला असता का? पाइपलाइनचा उरलाच असता.

जुनी सनद
मुद्दा जोरदार आहे आणि मी मागणीचं कलम आधी विचारायला हवं होतं. वारणाकाठ, खरेदीखतात पाइपलाइनबद्दल काही लिहिलंय का?

वारणाकाठ
हो. "लगतच्या गटातून पाण्याची पाइप नेण्याचा हक्क खरेदी घेणारास राहील." वादपत्रात परिच्छेद ९ मध्ये तेच आहे, की खरेदीखतच फसवणुकीचं असल्याने त्यातल्या या हक्काचा आधार घेता येणार नाही.

जुनी सनद
मग तिसरी मागणीही त्यांनी स्वतःच खरेदीखत रद्द होण्यावर टांगली आहे. खरेदीखत उभं राहिलं की पाइपलाइनचा हक्क उभा राहतो. रिव्हिजनचा पहिला मुद्दा हा परिच्छेद ९ ठेवा, दुसरा ७ नंबरचा कागद.

ट्रायल साइड
त्यांचा वकील म्हणेल की परिच्छेद ९ हा पर्यायी आहे, पाइप हक्काच्या पट्ट्याबाहेरून नेली. या वाक्यांचं वाचन दोन्ही बाजूंनी होऊ शकतं, म्हणून मी अजूनही सावध आहे. रिव्ह्यूबद्दल मात्र माझी हरकत सौम्य आहे. जोडलेला कागद आदेशात अजिबात नसणं ही अभिलेखावर सरळ दिसणारी चूक म्हणता येते, तुमच्या वकिलांनी सुचवलं ते उगाच नाही. पण तेच न्यायाधीश, तोच कागद. "पाहिला होता, तरी पुरावा लागेल" एवढं एक वाक्य जोडून ते आदेश कायम करू शकतात, आणि रिव्ह्यू नाकारल्याच्या आदेशावर अपील नाही.

आता खरं महत्त्वाचं. कैफियत दिली आहे ना?

वारणाकाठ
नाही. समन्स मार्चमध्ये मिळालं. रूल ११ चा अर्ज प्रलंबित होता म्हणून वकील म्हणाले, आधी त्याचा निकाल लागू दे. ऑगस्टच्या तारखेला "नो डब्ल्यूएस" झालंय. पुढची तारीख १६ सप्टेंबर.

जुनी सनद
मग रिव्हिजनची चर्चा दोन दिवस बाजूला ठेवा. रूल ११ च्या अर्जाने कैफियतीची मुदत थांबत नाही, ९० दिवस जूनमध्येच संपले. रिव्हिजन दाखल केल्यानेही खालचा दावा थांबत नाही, उच्च न्यायालयाने वेगळी स्थगिती दिली तरच थांबतो. "नो डब्ल्यूएस" राहिलं तर तुमचा बचावच अभिलेखावर नाही.

ट्रायल साइड
१६ तारखेलाच "नो डब्ल्यूएस" रद्द करण्याचा अर्ज, सोबत उशीर माफीचा अर्ज आणि तयार कैफियत, तिन्ही एकत्र द्या. कैफियत नंतर देतो म्हणू नका. हा व्यापारी दावा नाही, त्यामुळे ९० दिवसांनंतरही कारण पटलं तर कोर्ट घेतं, बहुधा खर्च बसवून. कैफियतीत मुदतीची हरकत स्वतंत्र परिच्छेदात, ७ नंबरच्या कागदाची तारीख आणि त्यातलं वाक्य उद्धृत करून.

निशाणी पाच
रिव्हिजनला मुंबईला खेटे घालावे लागणार, तो खर्चही धरा.

जुनी सनद
सांगलीच्या प्रकरणांसाठी आता कोल्हापूर सर्किट बेंच आहे, १८ ऑगस्ट २०२५ पासून. मुंबईला जायची गरज नाही. २२७ खाली जा असं कोणी सुचवलं तर ऐकू नका, रिव्हिजन उपलब्ध असताना ती याचिका बहुधा दारातच परत येते.

वारणाकाठ
आज वकिलांशी बोललो. कैफियत लिहायला घेतली आहे, १६ ला तिन्ही अर्ज देतोय. रिव्ह्यू सोडला. परिच्छेद ९ आणि खरेदीखताची नक्कल उद्या कोल्हापूरच्या एका वकिलांना दाखवतो. पाइप नक्की कुठून गेली याचा मोजणी नकाशा आमच्याकडे नाही, आधी तो काढावा का?

ट्रायल साइड
मोजणीचा अर्ज आजच टाका, पण तो खटल्यासाठी. रिव्हिजनमध्ये तो नकाशा कोणी पाहणार नाही, तिथे वादपत्र आणि त्यासोबतचे कागद एवढंच.