मदत हवी आहे: घरी ब्लाउज शिवते, सासरच्यांना नको आहे. वेळ आणि जागा कशी ठरवू?

टाकेधागे
पाथर्डी फाट्याला राहते. घरी ब्लाउज शिवते. काम भरपूर येतंय, लग्नसराईत तर नाही म्हणावं लागतं. पण सासू-सासऱ्यांना हे पसंत नाही. "घराचं दुकान केलंस" हे रोज ऐकते. मला सलग वेळ हवा आहे आणि एक ठरलेली जागा हवी आहे, एवढंच. त्यांच्याशी कसं बोलायचं ते सांगा. "वेगळं राहा" हा सल्ला कृपया नको. एका लग्नघरची मोठी ऑर्डर आली आहे, घ्यायची की नाही ते या आठवड्यात कळवायचं आहे, म्हणून जरा लवकर उत्तर द्या.

मुग्धा_इंदिरानगर
घरात कोण कोण आहे? खोल्या किती? मशिन सध्या कुठे आहे? नवरा काय म्हणतो? आणि त्यांचा नेमका आक्षेप कशाला आहे? पैसे कमवण्याला, बायका येतात त्याला, की आवाजाला? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

सातपूरवाला
पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम येतं. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते, नंतर कमी व्याजाचं कर्जही मिळतं. आधी अर्ज करा.

टाकेधागे
@सातपूरवाला मशिन आहे हो माझ्याकडे. अडचण मशिनची नाही.
@मुग्धा टू बीएचके. आम्ही दोघं, मुलगा सीनियर केजीत, सासू-सासरे. मशिन हॉलमध्ये, त्यांच्या खोलीच्या भिंतीला लागून. मागची छोटी खोली रिकामी आहे, पण आई म्हणतात सिंहस्थाला गावाकडची मंडळी येतील, खोली अडकवू नकोस. नवरा म्हणतो, तुम्ही दोघी ठरवा.

गंगापूर_रोडची
सरळ गाळा भाड्याने घ्या. मी तेच केलं. घरात करत राहिलात की कामाला किंमत मिळत नाही, सासरचे तर सोडाच, गिऱ्हाईकसुद्धा "घरीच तर शिवता" म्हणून भाव पाडतं. गाळ्यावर कुलूप लावून घरी आलं की विषय संपतो.

मुग्धा_इंदिरानगर
मुलगा सीनियर केजीत आहे त्यांचा. दुपारी शाळेतून आल्यावर त्याला कोण बघणार? गाळ्याचं भाडं दर महिन्याला द्यावं लागतं, लग्नसराई मात्र वर्षभर नसते.

गंगापूर_रोडची
माझाही मुलगा लहानच होता. मनावर घेतलं की जमतं.

निवृत्त_फोरमन
सूनबाई, मी तुमच्या सासऱ्यांच्या वयाचा आहे, म्हणून विचारतो. ते काय करत होते आणि दुपारी झोपतात का? आमच्या अंबडच्या कारखान्यात तीस वर्षं पाळ्या केलेली माणसं निवृत्तीनंतरही दुपारची झोप सोडत नाहीत. ती मोडली की चिडचिड होते, आणि "मशिनचा आवाज होतो" असं न म्हणता माणूस "घराचं दुकान केलंस" म्हणतो.

टाकेधागे
हो, कारखान्यातच होते. दोन ते चार झोपतात. मुलाला शाळेतून आणून जेवू घातलं की मी दोनलाच मशिनवर बसते, कारण तेव्हाच मोकळी होते. दुपारी बेलही वाजते, शेजारच्या बायका त्याच वेळी येतात. पण बाबा आवाजाचं कधी बोलले नाहीत. ते म्हणतात लाइटबिल वाढलंय आणि एमएसईबीवाले धरतील.

पंचवटीकर
बरोबर बोलतात ते. घरात धंदा केला की कमर्शियल मीटर घ्यावाच लागतो. आमच्या ओळखीत एकाला दंड झाला.

शिवणवर्ग_नाशिकरोड
मी शिवणकाम शिकवते, आणि माझ्याकडे शिकून घरी काम करणाऱ्या बहुतेक मुलींची तक्रार हीच असते. तुमच्या कामात आवाजाचं काम आणि बिनआवाजाचं काम असे दोन भाग आहेत, ते वेगळे केलेत की अर्धं भांडण मिटतं.

अस्तराचा एक ब्लाउज धरा. अस्तर भिजवून वाळवणं, इस्त्री, मापं लिहून खडूने आखणी, कटिंग, शेवटी हुक, काजं आणि तुरपाई. यातल्या कशालाच मशिन लागत नाही. सवयीच्या हातालाही यात तास-सव्वातास जातो. मशिनवर साधारण तेवढाच किंवा थोडा जास्त. म्हणजे दोन ते चारमध्ये बिनआवाजाचं काम घ्या आणि मशिन सकाळी नऊ ते बारा, मुलगा शाळेत असताना. दिवसाला दोन ब्लाउज शिवायचे तर दोन्हींचं कटिंग आदल्या दुपारी करून ठेवा, सकाळी फक्त शिलाई. ओव्हरलॉक असेल तर त्याचा आवाज सर्वांत जास्त, ते काम साठवून एकदाच उरका.

मशिनला कोणती मोटर आहे? आणि मधल्या भिंतीपासून ते हलवता येईल का?

टाकेधागे
जुकी मशिन आहे, क्लच मोटरचं. सेकंडहँड घेतलं होतं. ओव्हरलॉक बाहेरून करून घेते. सकाळी स्वयंपाक असतो ना, नऊ ते बारा कसं जमणार?

शिवणवर्ग_नाशिकरोड
क्लच मोटर बटण चालू असेपर्यंत घुमतच राहते, तुम्ही टाका घाला किंवा नका घालू. भिंतीपलीकडे ऐकू येणारी घरघर तीच. सर्व्हो मोटर पायाने दाबलं तरच फिरते, आवाज खूप कमी आणि वीजही कमी. मशिन तेच राहतं, फक्त मोटर बदलते. मेकॅनिक घरी येऊन बसवून देतो, जुनी मोटर परत घेतो का तेही विचारा. सोबत टेबलाच्या पायांखाली जाड रबराचे तुकडे ठेवा, कारण टाइल्सवरून हादरा थेट भिंतीत जातो. टेबल बाल्कनीकडच्या भिंतीला न्या. आवाज किती कमी झाला हे तुम्ही ठरवू नका. बाबांच्या खोलीत दार लावून उभं राहा आणि नवऱ्याला मशिन चालवायला सांगा.

स्वयंपाकाचं म्हणाल तर ते आईंशी बोलायचं आहे. तिथे आवाजाचा संबंध नाही.

मी_वीजबिलवाला
@पंचवटीकर, अर्धंच खरं आहे. पूर्ण दुकान किंवा गाळा असेल तर कमर्शियल. पण राहत्या घरात छोटा व्यवसाय असेल, महिन्याचा वापर ३०० युनिटच्या आत असेल आणि आधीच्या आर्थिक वर्षात एकूण ३,६०० युनिटच्या खाली असेल, तर घरगुती दरच लागतो. दर आदेशात तशी तरतूद आहे. तुमच्या ओळखीतल्या गृहस्थांचा वापर जास्त असेल.

ताई, तुमचं बिल साधारण किती युनिटचं येतं? शिलाईची मोटर सरासरी २५० वॅट धरली आणि ती खरोखर चार तास फिरली तर एक युनिट. महिन्याचे २५ दिवस म्हणजे २५ युनिट. इस्त्री १,००० वॅटची, रोज अर्धा तास, म्हणजे आणखी साडेबारा. एकूण ३८ च्या आसपास. फक्त १०० युनिटनंतर दर चढतो, आणि हे वाढीव युनिट त्या वरच्या दरात पडतात, म्हणून बाबांना बिल एकदम वाढलेलं दिसत असेल.

टाकेधागे
१३० ते १६० येतं. मी आल्यापासूनची बिलं काढून बघते.

येवलेकरीण
ताई, पैठणीवर ब्लाउज शिवता का? काठ बाहीला लावून, पाठीवर मोर हवा आहे. काय घ्याल?

मुग्धा_इंदिरानगर
@येवलेकरीण, हा धागा त्यासाठी नाही, त्यांना मेसेज करा.

निवृत्त_फोरमन
बिलाचं बोलणं असं करा. सगळ्यांसमोर जेवताना नको. सकाळी ते पेपर वाचून मोकळे झाले की मुलालाच, म्हणजे तुमच्या नवऱ्याला, बोलू द्या. "बाबा, बिलात हिच्या कामाचे अमुक युनिट आहेत, त्याचे पैसे ती दर महिन्याला देईल. ३०० च्या आत आहोत, मीटर बदलायची गरज नाही, हवं तर मी महावितरणच्या ऑफिसात विचारून येतो." आणि लगेच, "दुपारी दोन ते चार मशिन बंद." दोनच गोष्टी. खोलीचा विषय त्याच दिवशी काढू नका. घरचं बिल आयुष्यभर ज्याने भरलंय, त्याला आकडा समोर ठेवून विचारलं की ऐकायला सोपं जातं.

गंगापूर_रोडची
म्हणजे सुनेने कमवायचं, बिल भरायचं आणि झोपही सांभाळायची? सासऱ्यांनी काय सांभाळायचं? "तुम्ही दोघी ठरवा" म्हणून नवरा बाजूला होतो, ते आधी बोला.

निवृत्त_फोरमन
तेच म्हणतोय, नवऱ्याला बोलू द्या.

मुग्धा_इंदिरानगर
बिलाचे पैसे द्यायचे असतील तर द्या, पण घरखर्चात तुमचे पैसे आधीपासून जात असतील तर तेही नवऱ्याने बोलताना सांगावं. नाहीतर उद्या "बिल भरते म्हणून मालकीण झाली" हे वेगळंच सुरू होईल.

आणि बेल कशी थांबवणार? माप, ट्रायल आणि डिलिव्हरी फक्त संध्याकाळी पाच ते सात, असं व्हॉट्सॲप स्टेटसला आणि दारावर लिहा. शेजारच्या बायकांना तोंडी सांगा, नाहीतर त्या "आपलंच घर आहे" म्हणून येणारच. पहिले काही दिवस कुणी रुसेल. दार उघडून "पाचला या हं" एवढंच म्हणा, आत घेऊ नका.

टाकेधागे
पाच ते सात हॉलमध्ये आई टीव्ही बघतात. ट्रायलला बायका आल्या की त्यांना उठून आत जावं लागतं. आईंचा खरा राग त्याचाच आहे असं आता वाटतंय. आणि ट्रायलला कपडे बदलायला आमच्या बेडरूममध्ये नेते, ते नवऱ्याला आवडत नाही. तो बोलत नाही, पण कळतं.

शिवणवर्ग_नाशिकरोड
मग मागची खोली तुम्हाला कामासाठी नाही, ट्रायलसाठी हवी आहे. हे आईंना वेगळं सांगा. मशिन तिथे नेणार नाही, पलंग हलवणार नाही. फक्त दाराला पडदा, एक आरसा आणि भिंतीला दोन हँगर. गावाकडची मंडळी आली की आरसा उचलायचा. "खोली द्या" म्हटलं की त्यांना खोली गेली असं वाटतं. "पाच ते सात तिथे बायका कपडे बदलतील, तुमचा टीव्ही चालू राहील" हे त्यांच्या फायद्याचं आहे.

सकाळच्या स्वयंपाकाबद्दल आईंना विचारा की नऊच्या आत काय उरकलेलं हवं. भाजी-पोळी नऊपर्यंत तुमची, वरण-भात कुकर त्यांचा, असं काही निघतं का बघा. त्यांच्या तोंडून वेळ आली पाहिजे.

पंचवटीकर
सोसायटीची परवानगी लागते का हेही बघा. आमच्याकडे सेक्रेटरीने नोटीस लावली होती.

मी_वीजबिलवाला
पाटी बाहेर लावू नका, जिन्यात बायका थांबवू नका, मग सहसा कुणी विचारत नाही. तरी सोसायटीचे उपविधी वाचून घ्या.

मुग्धा_इंदिरानगर
पाटी नको असेल तर वेळ दाराच्या आतल्या बाजूला लिहा. आणि त्या मोठ्या ऑर्डरचं काय? किती ब्लाउज, कधीपर्यंत?

टाकेधागे
अठरा ब्लाउज, तीन आठवडे. सगळे अस्तराचे, सहा पॅडेड.

आज नवरा बाबांशी बोलला. बिल दाखवलं. बाबा म्हणाले, दुपारी मशिन नको, बाकी तुमचं तुम्ही बघा. पैसे घ्यायला नाही म्हणाले. सर्व्हो मोटरसाठी मेकॅनिक शनिवारी येतोय. आईंना खोलीचं विचारलं, त्या काहीच बोलल्या नाहीत, उठून देवाला दिवा लावायला गेल्या. हो म्हणू की नाही, ऑर्डरचं?

शिवणवर्ग_नाशिकरोड
आठवड्याला सहा दिवस धरले तर अठरा दिवस, म्हणजे दिवसाला एक. सकाळचे तीन तास खरोखर मिळाले तरच रोज दोन जमतात, नाहीतर एकच धरा. पॅडेडला कप बसवून फिटिंग दोनदा करावं लागतं, ते सहा म्हणजे नऊ धरा. म्हणजे एकवीस ब्लाउजचं काम. रोज एकावर राहिलात तर तीन दिवस कमी पडतात, आणि तुमचं नेहमीचं गिऱ्हाईक वेगळंच. बारा घ्या. उरलेले सहा दुसऱ्या बाईला द्या, मी नाव मेसेजवर पाठवते. आईंना पुन्हा लगेच विचारू नका, ट्रायल तूर्त तुमच्याच खोलीत, पण नवऱ्याला विचारून आणि त्याच दोन तासांत.

गंगापूर_रोडची
बारा का? अठराही घ्या आणि मदतीला बाई घरी बोलवा.

टाकेधागे
@गंगापूर_रोडची अजून एक बाई घरी म्हणजे आईंचं काय होईल! बाराला हो म्हणतेय. @शिवणवर्ग मेसेज बघते, नाव पाठवा. रबराचे तुकडे किती जाड घ्यायचे?