अनुभव धागा: सेल्सवाल्याची कनेक्शन रिक्वेस्ट, 'आत्ता नको' कसं सांगता?

वाळूजकर: वाळूज एमआयडीसीत परचेस बघतो. लिंक्डइनवर टूलिंगवाल्यांच्या रिक्वेस्ट रोजच्याच. गेल्या वर्षी एका कार्बाइड इन्सर्टवाल्याला सवयीनं "बघू, कळवतो" लिहून बसलो. पुढे दर पंधरा दिवसांनी त्याचा 'फॉलोअप'. चूक माझीच होती, त्या दोन शब्दांत तो वाट बघत बसला. तुमचे अनुभव सांगा.

दिवाळीअंक: मी सरळ `Ignore` दाबते. त्याला नोटिफिकेशन जातं, समजून घेतो बिचारा.

जालना_रोड: ताई, `Ignore` केल्याचं त्याला काहीच कळत नाही. तो नुसता ताटकळत राहतो. पुढे कधी गरज पडेल असा माणूस असेल, तर उत्तर लिहिलेलं बरं. त्यानं रिक्वेस्टसोबत दोन ओळी लिहिल्या असतील, तर न स्वीकारताही तिथूनच उत्तर देता येतं. आधी स्वीकारून मग नाही म्हणू नका. तुम्ही सेटिंग बदललेली नसेल, तर प्रोफाइलवरचा ईमेल त्याला दिसायला लागतो.

मी कंप्रेसरवाल्याला लिहिलेला निरोप जसाच्या तसा:

"नमस्कार. आमचा सर्व्हिस करार मार्चअखेरपर्यंत आहे, त्यामुळे आत्ता कनेक्ट होत नाही. नव्या चौकश्या जानेवारीत निघतात. तेव्हा परचेसच्या मेलवर कॅटलॉग आणि आपल्या भागातला सर्व्हिस इंजिनिअर कोण, हे पाठवा. तोपर्यंत फोन नको."

कारण, महिना आणि रस्ता, तिन्ही त्यात आलं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचा मेल आला, मधे एकही फोन नाही. ऑर्डर मात्र दुसऱ्यालाच गेली, याचा सर्व्हिस इंजिनिअर पुण्यात होता. महिना खरा असेल तरच लिहा. नुसतं टाळायला लिहिलात, तर त्या महिन्यात तो दारात उभा.

परभणीचा_दुकानदार: आमच्याकडं लिंक्डइन नाही, माणूसच येऊन बसतोय. कृषी सेवा केंद्र आहे. मे महिन्यात बियाणेवाले रांगेनं यायलेत, नाही म्हणलं तरी चहा पिऊनच जायलेत. त्यांना कुठलं बटण दाबावं?

वाळूजकर: दादा, चहा बंद करा 😄

नांदेड_सेल्स: मी पलीकडच्या बाजूचा. आम्हाला 'नाही'चा राग येत नाही, टार्गेटच्या यादीतून एक नाव कमी होतं. "नंतर बघू"नं मात्र महिनाभर अडकतो. महिना मिळाला की मी कॅलेंडरात टाकतो. फक्त "शुभेच्छा" लिहू नका, आमच्यातले काही जण त्यालाही होकार धरतात.

दिवाळीअंक: आणि ज्यानं रिक्वेस्टसोबत काहीच लिहिलं नाही, त्याला?

जालना_रोड: त्याला मी काहीच लिहीत नाही. ज्यानं दोन ओळी लिहायचे कष्ट घेतले नाहीत, त्याच्यासाठी मी का घ्यावेत?

नांदेड_सेल्स: साहेब, दिवसाला तीस रिक्वेस्ट पाठवतो. प्रत्येकाला दोन ओळी कुठून आणू?