प्रतिसाद: अर्धगोलाचं अंतर कुठून मोजायचं?

"सिलेंडरवर अर्धगोल. त्रिज्या 30, सिलेंडरची उंची 40 मिमी. एकत्रित गुरुत्वमध्य काढायचाय. माझं उत्तर तळापासून 17.08 येतंय, पुस्तकात 30.42 आहे. चूक कुठे?"

अर्धगोलाच्या गुरुत्वमध्याचं 3r/8 हे अंतर त्याच्या सपाट तोंडापासूनचं असतं आणि ते तोंड तळापासून 40 वर आहे. तुम्ही 11.25 तसंच घातलंय, तिथे 40 + 11.25 = 51.25 हवं. घनफळं 36000π आणि 18000π, म्हणजे सरळ दोनास एक. म्हणून (2×20 + 51.25)/3 = 30.42.

17.08 बघूनच शंका यायला हवी होती. एकट्या सिलेंडरचा मध्य 20 वर आहे. वर वजन ठेवल्यावर तो खाली कसा येईल?

दुसरी चूक मात्र अशी पकडता येत नाही. 4r/(3π) हे सूत्र सपाट अर्धवर्तुळाचं. ते वापरलं तर 30.91 येतं, आणि ते खरंच वाटतं. अर्धगोलाच्या आडव्या चकत्या कल्पून बघा: वर जाताना चकतीची त्रिज्या कमी होते, पण क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने घटतं. त्यामुळे माल सपाट तोंडाकडे जास्त राहतो आणि मध्य 12.73 वर न जाता 11.25 वरच थांबतो.

आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरात याच मापाचा तुकडा लेथवर काढून घेतला होता. आडवा धरून दोऱ्याच्या फासात टांगला, फास सरकवत नेला. 30 च्या रेघेच्या किंचित पुढे तो आडवा स्थिरावला.

टोपी वेगळ्या धातूची असेल तर घनफळाऐवजी वजनं घ्या.