रात्रीचा बॅकअप आणि घरातलं नेट: हक्क कुणाचा?

राजारामपुरीकर: मी लग्नाचं शूटिंग करतो. एका लग्नाचं फुटेज २०० जीबी. रात्री अकराला नॅसवरून क्लाउडवर चढायला लागतं आणि त्याच वेळी बहिणीची अमेरिकेतल्या क्लायंटशी मीटिंग असते. तिचा आवाज तुटतो. अपलोड २० एमबीपीएस मिळतो. ती म्हणते बॅकअप बंद कर. रात्री नाही तर कधी करायचा?

शाहूपुरी_शटर: रात्र बॅकअपचीच, भावा. गिगाबिट स्विच घे, नवी केबल टाक, विषय संपला.

रंकाळा_नेटवाला: केबल चांगली असावी हे बरोबर, पण इथं स्विचनं फरक पडणार नाही. कोंडी राउटरच्या पुढं आहे. बॅकअप सगळा अपलोड भरून टाकतो, जास्तीचा डेटा रांगेत साचतो आणि ताईंचा आवाज त्या रांगेच्या शेवटी उभा राहतो. बॅकअप चालू असताना दोन खिडक्यांत हे चालवा:

```
ping 192.168.1.1
ping 8.8.8.8
```

पहिल्या ओळीत तुमच्या राउटरचा पत्ता घाला. तो आकडा जागेवर राहून दुसरा २० वरून ४००-५०० मिलिसेकंदांवर गेला, तर दुखणं हेच. बॅकअप थांबवला की तो लगेच खाली येतो.

उद्यमनगर_दादा: माझ्याकडं लॅपटॉपवरून नॅसवर फाइली टाकताना टीव्हीवरचा पिक्चर अडकतो. मीही अपलोड कमी करू काय?

रंकाळा_नेटवाला: दादा, तुमचा डेटा घराबाहेर जातच नाही. तुमचं वायफाय भरतंय. लॅपटॉप केबलनं जोडून बघा.

राजारामपुरीकर, rclone वापरत असाल तर वेळेप्रमाणं वेग बांधा:

```
--bwlimit "08:00,512k 23:00,1M 03:00,2M"
```

इथला M मेगाबाइटचा आहे, मेगाबिटचा नव्हे. 2M म्हणजे साधारण १७ एमबीपीएस. कुणी 16M लिहिलं तर तुमच्या लाइनवर मर्यादा नसल्यासारखीच.

शाहूपुरी_शटर: म्हणजे एका लग्नाला आठवडा!

रंकाळा_नेटवाला: हिशोब करा. पूर्ण वेगानं अकरा ते आठ, ९ तासांत फार तर ८१ जीबी जातात. वरच्या वेळापत्रकात रात्री ५३ आणि दिवसभर हळूहळू २८ जीबी. चोवीस तासांत तेवढेच. दिवसा नॅस बंद करायची सवय तेवढी सोडायला हवी.

राजारामपुरीकर: पिंग बघितलं. राउटर ३, बाहेरचं ४६०. आज 1M लावून ताईला विचारतो.

शाहूपुरी_शटर: आकडे मान्य, पण पहिली रात्र वेगळी. कार्ड रिकामं करून दुसऱ्या दिवशी पुढच्या लग्नाला न्यायचं असतं. नॅस बिघडला तर नवरा-नवरीला काय सांगायचं? त्या रात्री पूर्ण वेगच पाहिजे.

रंकाळा_नेटवाला: पूर्ण वेग दिला तरी २०० पैकी ८१ जीबीच जातील, निम्म्याहून जास्त फुटेज सकाळी घरातच. त्या रात्रीसाठी बाहेरची हार्ड डिस्क घ्या आणि ती दुसऱ्या घरी ठेवा.

शाहूपुरी_शटर: रात्री दोनला मांडवातून आल्यावर डिस्क घेऊन कोण जातंय? ८१ तर ८१, तेवढं तरी सुरक्षित. ताईंनी त्या रात्री मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बोलावं.